गाइडने ‘मी’ खोडला, तर?

ड्राफ्टमधला ‘मी’ गाइडने खोडला, की लगेच सगळी वाक्यं कर्मणी करू नका. आधी बघा, कर्ता लपल्याने माहिती हरवते का? ‘द्रावण 60 अंशांना तापवलं गेलं’ हे रसायनशास्त्रात चालतं. कोणी तापवलं याने फरक पडत नाही. पण समाजशास्त्रात ‘मुलाखतींचं कोडिंग केलं गेलं’ लिहिलंत, तर ते एकट्याने केलं की दोघांनी, हेच कळत नाही. तिथे लिहा: ‘कोडिंग मी केलं, 5 मुलाखती सहकाऱ्याने स्वतंत्रपणे कोड केल्या.’ एपीएची सातवी आवृत्तीही स्वतःच्या कामासाठी प्रथमपुरुष सुचवते. तरी गाइड अडून बसले, तर ज्या जर्नलला पेपर पाठवायचाय, त्यातल्या तीन ताज्या पेपरांचे पद्धती-विभाग त्यांना दाखवा.