‘आहे’ कापू नका

मालगुंडच्या केशवसुत स्मारकाच्या आवारात एका निवृत्त शिक्षकांना कॅमेऱ्यासमोर बसवून आम्ही माहितीपट केला. बोलणारा एकच माणूस आणि चेहराही एकच, त्यामुळे सगळी गती संपादनातच आणायची होती.

पहिली अडचण समुद्राची. कानाला सवय झाली की गाज ऐकू येत नाही, पण मायक्रोफोन ती सोडत नाही. सरांचा ‘म्हणजे’ काढला की त्यामागची लाट मध्येच तुटते आणि चित्र गुळगुळीत असूनही काप ऐकू येतो. म्हणून चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसती गाज टिपली होती. ती सबंध आवाजाखाली अंथरली आणि प्रत्येक जोडावर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड दिला. पंचवीस फ्रेमचा एक सेकंद, म्हणजे हा सांधा फार तर सेकंदाच्या आठव्या भागाइतका.

शांत जागा आपोआप कापणारी सोय मी वापरत नाही. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि बोलणारा नेमका तिथेच आवाज खाली सोडतो. शेवटचा ‘आहे’ आलेखात सपाट रेषेसारखा दिसतो, यंत्र त्याला शांतता समजून उडवतं. मग सर प्रत्येक वाक्य अर्धवट टाकून पळत असल्यासारखे वाटतात. मी ‘आहे’नंतर सात-आठ फ्रेम सोडतो. मोठ्या विधानानंतर सेकंदभरही.

आता पूरक दृश्यांचं. सर म्हणाले, “चौदा ओळींची इंग्रजी कविता केशवसुतांनी मराठीत आणली. तिला पुढे सुनीत म्हणू लागले. माझ्या मते हे धाडस होतं.” इथे गणपतीपुळ्याचा ड्रोन टाकायचा मोह होतो, दिसतो छान, सांगत काहीच नाही. त्याऐवजी सुनीताचं पान घेतलं, सगळ्या ओळी एका नजरेत मावतील असं. ‘चौदा’ उच्चारण्याआधी साधारण दहा फ्रेम ते पडद्यावर आलं, कारण डोळ्याला जागा शोधायला तेवढा वेळ लागतो. ‘माझ्या मते’ला पुन्हा चेहरा. मत मांडणाऱ्याचे डोळे झाकले तर ते कोणाचं, हेच कळत नाही.

स्मारकातल्या कवितेच्या ओळी मात्र सरांच्या आवाजावर चढवल्या नाहीत. कानाने एक आणि डोळ्याने दुसरं मराठी वाक्य एकाच वेळी घेता येत नाही. तिथे सरांना थांबवलं, मागे गाज ठेवली आणि मनात दोनदा वाचून होईपर्यंत पाटी पडद्यावर राहू दिली.

जिथे दाखवायला वस्तूच नव्हती, तिथे 4K चित्रीकरण कामी आलं. 1080 च्या चौकटीत ते दुप्पट मोठं केलं तरी फाटत नाही. मी सव्वापटीच्या आसपास जवळ जातो. त्याहून कमी केलं तर सरांचं डोकं नुसतं टुणकन उडाल्यासारखं दिसतं. आणि जवळ जायचं ते विषय वळतो तिथेच. दर कापाला चौकट बदलली तर प्रेक्षक सरांचं ऐकायचं सोडून चौकट मोजायला लागतो.