बारा मिलिअँपिअर खरे कुणाचे?

जालना म्हटले की बाहेरच्या माणसाला सळई आठवते, नाहीतर बियाणे. जिल्ह्याचा दक्षिण भाग मात्र वेगळा आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात ऊस आणला, आणि अंकुशनगर, तीर्थपुरी ही नावे कारखान्यांमुळे ओळखीची झाली. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिकडे बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पूजा, नारळ, संचालकांची भाषणे. त्याच दिवसांत इन्स्ट्रुमेंट विभागातली दोन-तीन माणसे पावसाळाभर बंद पडलेली उपकरणे एकेक करून तपासत असतात. हा लेख त्यांच्या कामाबद्दल आहे, आणि त्यातही एकाच तपासणीबद्दल.

बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरमध्ये सगळ्यात काळजीचे मोजमाप म्हणजे ड्रममधली पाण्याची पातळी. ती फार खाली गेली तर नळ्या कोरड्या तापून फुटतात. फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाते. ही पातळी दाबातल्या फरकावरून मोजणारा ट्रान्समीटर ड्रमजवळ बसवलेला असतो, आणि तिथून दोन तारा कंट्रोल रूमपर्यंत येतात. त्याच दोन तारांतून ट्रान्समीटरला वीज मिळते आणि त्याच तारांतून मोजमाप येते. पातळी शून्य टक्के असेल तर तो ४ मिलिअँपिअर प्रवाह ओढतो, शंभर टक्के असेल तर २०, आणि निम्म्यावर १२. सुरुवात शून्यापासून न करता चारपासून केली, कारण तार तुटली की प्रवाह शून्य होतो आणि ते लगेच कळते. शिवाय त्या चार मिलिअँपिअरवर ट्रान्समीटर स्वतः जगतो.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या रोझमाउंट कंपनीने याच तारांवर दुसरे संभाषण चढवले. टेलिफोनच्या जुन्या मोडेमची, बेल २०२ची, रीत त्यांनी उचलली: १२०० हर्ट्झचा सूर म्हणजे एक, २२०० हर्ट्झचा म्हणजे शून्य. हा सूर मूळ प्रवाहावर फक्त अर्धा मिलिअँपिअर वर आणि अर्धा खाली हलतो. त्याची सरासरी शून्य येत असल्यामुळे ४ ते २०चे मोजमाप बिघडत नाही. यालाच हार्ट म्हणतात. पुढे कंपनीने ही पद्धत सर्वांसाठी खुली केली आणि १९९३मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे सेकंदात दोन-तीन प्रश्नोत्तरे. आजच्या हिशेबाने हे बैलगाडीचे काम, पण ट्रान्समीटरचे नाव-गाव विचारायला, त्याची रेंज बदलायला, बिघाडाची नोंद वाचायला तेवढे पुरते.

आता ती तपासणी. पुढचा प्रसंग एखाद्या विशिष्ट कारखान्याचा नाही. आकडे हिशेब दिसावा म्हणून घेतले आहेत. पण असा दोष पावसाळ्यानंतर कुठेही सापडतो.

बॉयलर पेटला आहे, गाळप अजून सुरू व्हायचे आहे. कंट्रोल रूमच्या पडद्यावर ड्रमची पातळी ५६.५ टक्के दिसते आहे. बॉयलरवाला गेजग्लास पाहून सांगतो, पाणी निम्म्यापेक्षा खालीच आहे. पण गेजग्लासातले पाणी ड्रममधल्यापेक्षा थंड आणि जड असते, त्यामुळे तो नेहमीच थोडे कमी दाखवतो. खरे कोण हे त्यावरून ठरत नाही. मग इन्स्ट्रुमेंटवाला हार्ट कम्युनिकेटर ट्रान्समीटरच्या दोन टर्मिनलना जोडतो. ट्रान्समीटर सांगतो: पातळी ५० टक्के, प्रवाह १२.०० मिलिअँपिअर. कंट्रोल रूमच्या बाजूला मीटर लावला तर तारेत १३.०४ मिलिअँपिअर आहेत.

हा जादा एक मिलिअँपिअर आला कुठून, हाच सगळा प्रश्न. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. हार्टवरून दिसणारा १२.०० हा सहसा मोजलेला प्रवाह नसतो, आपण एवढा सोडतो आहोत असे ट्रान्समीटरला वाटते तो असतो. त्यामुळे दोन शक्यता उरतात. ट्रान्समीटरची प्रवाह सोडणारी बाजूच सरकली असेल, किंवा तो १२च सोडत असेल आणि उरलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने तारेत येत असेल.

हे ठरवण्यासाठी हार्टमध्ये लूप टेस्ट आहे. त्याआधी फीड वॉटरचे नियंत्रण मॅन्युअलवर घ्यायचे, पातळीच्या ट्रिपची व्यवस्था परवानगीने लावायची आणि बॉयलरवाल्याला गेजग्लाससमोर उभे करायचे. कारण टेस्ट चालू असताना ट्रान्समीटर खरी पातळी सांगत नाही, आपण सांगू तो आकडा सोडतो. आधी त्याला ४ सोडायला सांगितले: तारेत ५.१४ आले. १२ला १३.०४. २०ला २०.९४. म्हणजे जादा प्रवाह अनुक्रमे १.१४, १.०४ आणि ०.९४.

चूक कमी होत जाते, यातच उत्तर आहे. पुरवठा २४ व्होल्टचा, लूपमध्ये २५० ओहमचा रोध. प्रवाह वाढला की रोधावर जास्त व्होल्ट खर्च होतात आणि ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर कमी उरतात: ४ला जवळजवळ २३, २०ला १९च्या आत. दोन टर्मिनलांमध्ये ओल धरून सुमारे २० हजार ओहमची चोरवाट तयार झाली असेल, तर तिच्यातून अगदी याच प्रमाणात प्रवाह गळेल. वाट व्होल्टवर चालते, म्हणून व्होल्ट घटले की गळतीही घटते. ट्रान्समीटर स्वतः सरकला असता तर चूक सहसा सगळीकडे सारखी राहिली असती किंवा प्रवाहाबरोबर वाढली असती.

जंक्शन बॉक्स उघडला की ग्लँड सैल दिसते, टर्मिनलवर हिरवट गंज असतो, तळाशी पाणी. पुसून, वाळवून, टर्मिनल बदलून पुन्हा १२ सोडायला सांगितले की तारेत १२.०० येतात.

गळती असूनही हार्टचे बोलणे मात्र अजिबात बिघडत नाही, म्हणूनच कुणाला शंका येत नाही. २५० ओहमच्या शेजारी २० हजार ओहमची वाट सुराला जाणवतही नाही. सूर ऐकू येण्यासाठी तो रोधच हवा असतो. टेबलावर ट्रान्समीटर थेट २४ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडून पाहिला तर कम्युनिकेटरला उत्तर मिळत नाही, कारण पुरवठा सूर गिळून टाकतो. नवशिक्या पोरांचा निम्मा दिवस यात जातो. मध्ये २५० ओहमचा रेझिस्टर टाकला की ट्रान्समीटर बोलू लागतो.

माझ्या मते खरा धोका गळतीपेक्षा तिच्यावरच्या सोप्या उपायात आहे. हार्टमध्ये आउटपुट ट्रिम नावाची सोय आहे. ४ला मीटरवर ५.१४ आणि २०ला २०.९४ दिसतात हे कळवले की ट्रान्समीटर आपला प्रवाह तेवढा कमी करून घेतो आणि पडद्यावर ५० दिसू लागते. पाच मिनिटांत काम झाले असे वाटते. गाळप सुरू झाले, बॉयलरच्या उष्णतेने बॉक्स वाळला, गळती बंद झाली की तोच ट्रान्समीटर आता सहा-साडेसहा टक्के कमी दाखवणार आणि ड्रममध्ये पाणी वाढत जाणार. उलट, काहीच न करता ऑटोवर ठेवले असते तर पडद्यावर ५० राखण्याच्या नादात कंट्रोलरने खरी पातळी ४३च्या आसपास आणून ठेवली असती.

हार्टला न दिसणाऱ्याही गोष्टी आहेत. दाबाच्या दोन बाजू जोडणारा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह गळत असेल तर सेन्सरपर्यंतच खोटा दाब पोहोचतो. मग ट्रान्समीटर, मीटर आणि पडदा तिन्ही आकडे तंतोतंत जुळतात आणि तिन्ही चुकीचे असतात. तिथे गेजग्लासच कामाला येतो, आणि ड्रमवर दुसरा-तिसरा ट्रान्समीटर असेल तर तो.

कंट्रोल रूममधले कार्ड हार्ट वाचणारे असेल, तर ड्रमपर्यंत शिड्या चढायचीही गरज नाही. कार्डाला मिळालेला प्रवाह आणि ट्रान्समीटरने हार्टवरून सांगितलेला प्रवाह यांची वजाबाकी सिस्टीम स्वतः करत राहू शकते आणि फरक ठराविक मर्यादेपलीकडे गेला की अलार्म देऊ शकते. कारखान्यांतल्या इंजिनिअर मंडळींना एवढीच विनंती: कार्ड तसे असेल तर हा अलार्म अग्निप्रदीपनाआधी चालू करा, आणि तो वाजला की आधी जंक्शन बॉक्स उघडून पाहा; ट्रिमचा मेनू नंतर.