हॅशटॅगची वेचणी : एक सूत्र आणि मराठीचे काही प्रश्न

शब्दामागे # हे चिन्ह लावून विषय सुचवण्याची पद्धत २००७च्या ऑगस्ट महिन्यात ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर मांडली. आज आपल्याकडच्या वाचनकट्ट्याची सूचना असो की कविसंमेलनाचे निमंत्रण, त्यात दोन-चार हॅशटॅग असतातच. भाषेच्या अभ्यासकाला त्यांचे मोल वेगळे आहे. मजकुरातला कोणता शब्द आपल्याला महत्त्वाचा वाटतो, हे लिहिणाऱ्याने इथे स्वतःच खूण करून सांगितलेले असते. त्यामुळे समाजमाध्यमांवरच्या मराठीवर लघुप्रबंध लिहिणारे विद्यार्थी पोस्टी गोळा करतात, एक्सेलमध्ये एका ओळीत एक पोस्ट ठेवतात आणि तिच्यातले हॅशटॅग वेचतात. चाळीस पोस्टी असतील तर हे काम हाताने होते. चारशे झाल्या की डोळा चुकू लागतो, आणि चुकलेल्या मोजणीवर उभा केलेला निष्कर्षही चुकतो. ही वेचणी एक्सेलच्या TEXTSPLIT आणि FILTER या दोन फलनांनी कशी करावी आणि मराठी मजकुरात ती कुठे अडखळते, हे या लेखात पाहू.

ही दोन्ही फलने मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये, एक्सेल २०२४मध्ये आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एक्सेलमध्ये आहेत. जुन्या आवृत्तीत सूत्र लिहिले तर `#NAME?` असे उत्तर येते. याचा अर्थ सूत्र चुकले असाच नव्हे. त्या आवृत्तीला हे फलन ठाऊकच नसते.

उदाहरणासाठी एक कल्पित पोस्ट घेऊ. ती A2 या सेलमध्ये आहे आणि दोन ओळींची आहे.

```
मराठी भाषा गौरव दिनानिमित्त #वाचनकट्टा, आज सायंकाळी #पणजी!
या #कविता#कथा ऐकायला. #गोव्यातील #मराठी वाचकांचे स्वागत (#मराठी_दिन).
```

अशी पोस्ट चिकटवताना आधी सेलवर दोनदा क्लिक करावे. तसे न केल्यास दुसरी ओळ खालच्या सेलमध्ये जाते आणि एका पोस्टीच्या दोन होतात.

TEXTSPLIT मजकुराचे तुकडे करते. कुठे तोडायचे, ते चिन्ह आपण सांगायचे. FILTER त्या तुकड्यांमधून आपल्या अटीत बसणारे तेवढे ठेवते. आपली अट साधी आहे : तुकड्याचे पहिले अक्षर # असावे. तेव्हा सर्वांत सोपे सूत्र असे होते.

```
=LET(t, TEXTSPLIT(A2," "), FILTER(t, LEFT(t,1)="#", ""))
```

LET मुळे तुकड्यांच्या यादीला t हे नाव मिळते आणि ती पुन्हा पुन्हा लिहावी लागत नाही. शेवटच्या रिकाम्या अवतरणचिन्हांचा अर्थ असा की एकही हॅशटॅग न सापडल्यास सेल कोरा दिसावा. ती वगळली तर हॅशटॅग नसलेल्या पोस्टीपुढे `#CALC!` हा दोष उमटतो. सूत्र एकाच सेलमध्ये लिहायचे. उत्तरे उजवीकडच्या सेलांत आपोआप पसरतात. तिथे आधीच काही लिहिलेले असेल तर `#SPILL!` येते. अशा वेळी अडवणारा सेल मोकळा केला की पुरे.

आता उत्तर पाहू. आपल्या पोस्टीत डोळ्यांनी मोजल्यास सात हॅशटॅग आहेत. सूत्र मात्र पाचच तुकडे देते, आणि त्यांतले `#गोव्यातील` व `#मराठी` हे दोनच स्वच्छ असतात. `#वाचनकट्टा,` याला स्वल्पविराम चिकटलेला आहे. `#पणजी!` याच्यामागे पुढच्या ओळीतला ‘या’ ओढला गेला आहे, कारण ओळ बदलते तिथेही तोडायचे, हे सूत्राला कुणी सांगितलेले नाही. `#कविता#कथा` हा एकच तुकडा झाला. आणि `#मराठी_दिन` तर हरवलाच, कारण त्याच्या आधी कंस असल्याने तुकड्याचे पहिले अक्षर # नव्हते, कंस होता.

ही शेवटची चूक सर्वांत घातक. चिकटलेला स्वल्पविराम निदान दिसतो. गळलेला शब्द दिसत नाही.

उपाय दोन आहेत. पहिला, प्रत्येक # च्या आधी एक मोकळी जागा घालायची, म्हणजे जोडून लिहिलेले हॅशटॅग सुटे होतात. दुसरा, तोडण्याच्या चिन्हांची पूर्ण यादी द्यायची. सुधारलेले सूत्र आपण C2 मध्ये लिहू.

```
=LET(
 s, SUBSTITUTE(A2,"#"," #"),
 d, HSTACK(" ",",",".","!","?","(",")","-","।",CHAR(10),UNICHAR(160)),
 t, TEXTSPLIT(s,d,,TRUE),
 FILTER(t,(LEFT(t,1)="#")*(LEN(t)>1),"")
)
```

d या यादीतले `CHAR(10)` म्हणजे सेलच्या आतली नवी ओळ. `UNICHAR(160)` ही वेबवरून उचललेल्या मजकुरात येणारी एक वेगळी मोकळी जागा. ती डोळ्यांना नेहमीच्या जागेसारखीच दिसते, पण संगणकाच्या लेखी निराळी असते. TRUE मुळे दोन चिन्हे शेजारी आल्याने तयार होणारे रिकामे तुकडे गळतात. अटीतील दुसरा भाग एकटे पडलेले # काढून टाकतो. यादीत संयोगचिन्ह घेतले आहे, कारण समाजमाध्यमांवर हॅशटॅग सर्वसाधारणपणे तिथेच संपतो. अधोरेखा मात्र घेतलेली नाही; ती हॅशटॅगचाच भाग मानली जाते, म्हणून `#मराठी_दिन` अखंड राहतो. `#कविता#कथा` सारख्या जोडीबद्दल सर्व माध्यमांचा नियम एक नाही. मी लिहिणाऱ्याचा हेतू धरून ते दोन मोजतो. विद्यार्थ्याने वेगळे ठरवले तरी हरकत नाही, पण जे ठरवले ते प्रबंधात नमूद करावे.

हे सूत्र सातही हॅशटॅग स्वच्छ देते. पण पुढच्या चारशे ओळींत काही गळले नाही हे कशावरून? त्यासाठी B2 मध्ये एक पडताळा ठेवावा.

```
=LEN(A2)-LEN(SUBSTITUTE(A2,"#",""))-COUNTIF(C2:AZ2,"#*")
```

पहिला भाग पोस्टीत # किती वेळा आला ते मोजतो. शेवटचा भाग किती हॅशटॅग हाती लागले ते मोजतो. वजाबाकी शून्य आली तर एकही # सुटलेला नाही. शून्य न आल्यास ती पोस्ट डोळ्यांनी वाचावी. बहुधा एखादे # एकटेच पडलेले सापडते. मात्र हा पडताळा फक्त संख्या पाहतो. यादीत नसलेले एखादे चिन्ह, समजा अवतरणचिन्ह किंवा इमोजी, हॅशटॅगच्या शेपटीला चिकटले तर ते त्याला कळत नाही. त्यासाठी निघालेले हॅशटॅग एकदा वर्णानुक्रमे लावून वाचून काढावेत. जे चिन्ह चिकटलेले दिसेल ते d च्या यादीत घालावे.

इथपर्यंतचे काम कोणत्याही भाषेत जवळपास सारखेच आहे. खास मराठीचे प्रश्न यानंतर सुरू होतात.

पहिला प्रश्न लेखनाचा. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकावर एकाहून अधिक प्रकारांनी टंकित होतो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून तो लिहितात; काही ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. छापल्यावर किंवा पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण `#दऱ्या` या हॅशटॅगची लांबी LEN ने मोजली तर पहिल्या प्रकारात ६ येते आणि दुसऱ्यात ७. एकच शब्द मोजणीत दोन म्हणून पडण्याची ही वाट आहे. म्हणून मुख्य सूत्रात s ची व्याख्या करताना A2 च्या जागी पुढील तुकडा घालावा, म्हणजे दुसरा प्रकार पहिल्यात बदलतो.

```
SUBSTITUTE(A2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

दुसरा प्रश्न व्याकरणाचा आहे आणि तो सूत्राने सुटत नाही. इंग्रजीत ‘मध्ये’, ‘चा’ या अर्थांचे शब्द नामाच्या आधी सुटे उभे राहतात. नाम जसेच्या तसे राहते आणि त्याला # लावता येते. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि चिकटण्याआधी नामाचे सामान्यरूप करतो. त्यामुळे आपल्या उदाहरणातला `#गोव्यातील` आणि दुसऱ्या कुणाचा `#गोवा` हे संगणकाच्या लेखी दोन असंबद्ध शब्द ठरतात. गोव्याविषयीच्या पोस्टी मोजणाऱ्याने फक्त `#गोवा` शोधला, तर ज्यांनी हॅशटॅग वाक्यात नीट विणला तेच लेखक मोजणीतून बाहेर पडतात. वाक्य संपल्यावर हॅशटॅगांची रांग लावणारे तेवढे हाती लागतात. मग निष्कर्ष निघतो की मराठीत हॅशटॅग वाक्याबाहेरच राहतो. हा निष्कर्ष भाषेने दिलेला नसून शोधण्याच्या रीतीने दिलेला असतो.

प्रत्यय कापणारे सूत्र लिहावे असा मोह इथे होतो. तो आवरावा. शेवटचा ‘ची’ कापला तर ‘मराठीची’चे ‘मराठी’ होईल खरे, पण ‘प्राची’चे ‘प्रा’ होईल. शेवटचा ‘ात’ कापला तर ‘घरात’मधून ‘घर’ मिळेल आणि लग्नाच्या ‘वराती’त एकटा ‘वर’ उरेल. ‘गोव्यात’मधून ‘गोवा’ परत आणायला तर नुसते कापून भागत नाही. सामान्यरूप उलटे फिरवावे लागते.

यावर मी विद्यार्थ्यांना एक जुनीच रीत सुचवतो. निघालेल्या वेगवेगळ्या हॅशटॅगांची यादी एका वेगळ्या पानावर घ्यावी. पहिल्या स्तंभात हॅशटॅग जसा आला तसा आणि दुसऱ्यात त्याचे मूळ रूप हाताने लिहावे : `#गोव्यातील` पुढे गोवा, `#गोव्याची` पुढेही गोवा. ही कोशकाराची पद्धत आहे. चारशे पोस्टींतही वेगळी रूपे तुलनेने थोडी निघतात, कारण बरेच हॅशटॅग पुन्हा पुन्हा येतात. त्यानंतर XLOOKUP ने प्रत्येक हॅशटॅगपुढे मूळ रूप आणता येते आणि मोजणी त्यावर करता येते. मूळ स्तंभ मात्र पुसू नये. किती लेखकांनी हॅशटॅगला प्रत्यय लावला आणि कितींनी तो कोराच ठेवला, हा आकडा त्या स्तंभातूनच मिळतो. आणि मराठीच्या अभ्यासकाला `#गोवा` किती वेळा आला यापेक्षा हा आकडा अधिक काही सांगतो.