शाळेच्या वायफायवर यूट्यूबचे व्हिडिओ का गायब होतात?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कितीतरी मुली आश्रमशाळेत राहून शिकतात. त्यातली एखादी सुट्टीत घरी आल्यावर म्हणते, "आई, तुझ्या मोबाईलवर हा व्हिडिओ लागते, पण शाळेत लागतच नाही. आणि शाळेत कोणत्याच व्हिडिओखाली कमेंट दिसत नाही." आपल्याला वाटतं, नेट मंद असेल, नाहीतर सरांनी काहीतरी बंद केलं असेल. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. आज तेच समजून घेऊ.

यूट्यूबमध्ये Restricted Mode नावाची एक सोय आहे. हिला आपण चाळणी म्हणू. ती चालू केली की दोन गोष्टी होतात. मोठ्यांसाठीचे वाटतील असे व्हिडिओ यादीतून निघून जातात, आणि जे व्हिडिओ उरतात त्यांच्या खालच्या कमेंटही दिसत नाहीत. शिव्या, घाणेरडं बोलणं, अनोळखी माणसांनी टाकलेल्या लिंका पोरांसमोर येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. पण त्याच कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलेलं असतं की या गणितात तिसऱ्या पायरीवर चूक आहे. तेही सोबतच जातं.

ही चाळणी दोन ठिकाणी लागू शकते. गावच्या नळयोजनेसारखं समजा. तुमच्या घरच्या नळाला फडकं बांधलं तर फक्त तुमच्या घरचं पाणी गाळून येतं. टाकीच्या तोंडालाच जाळी बसवली तर सगळ्या गावाला गाळलेलं पाणी येतं, आणि घरचा नळ कितीही फिरवला तरी ती जाळी निघत नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये लावलेली चाळणी म्हणजे नळाचं फडकं. शाळेच्या नेटवर लावलेली चाळणी म्हणजे टाकीची जाळी.

टाकीवर ती बसवतात कशी? मोबाईल यूट्यूब उघडतो तेव्हा आधी नेटला विचारतो, "www.youtube.com चा पत्ता काय?" शाळेचं नेट सांभाळणारा माणूस अशी व्यवस्था करून ठेवतो की उत्तरात restrict.youtube.com चा पत्ता मिळावा. त्या दारातून जो येईल त्याला यूट्यूब चाळलेलंच दाखवतं. मग मोबाईल मुलीचा असो की मास्तरांचा, फरक पडत नाही. त्याच जागी restrictmoderate.youtube.com लिहिलं तर चाळणी थोडी मोठ्या भोकांची होते आणि पुष्कळ जास्त व्हिडिओ दिसतात. म्हणजे कडक आणि मध्यम असे दोन प्रकार आहेत, आणि कोणता ठेवायचा हे नेट सांभाळणाऱ्याच्या हाती असतं.

आता कोणता व्हिडिओ काढायचा हे ठरवतं कोण? मुख्यतः यंत्र. ते व्हिडिओचं नाव, त्याखालची माहिती आणि अशाच इतर खुणा पाहतं. दारू आणि नशा, लैंगिक विषय, मारहाण, युद्ध आणि हिंसक संघर्ष, शिव्यागाळ, असे विषय दिसले की व्हिडिओ बाजूला पडू शकतो. आपल्यासाठी खरी अडचण इथेच आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. हातभट्टीने घर कसं बुडतं हे सांगणाऱ्या व्हिडिओच्या नावातही 'दारू' हा शब्द असतोच. पाळी आणि गर्भधारणा समजावणाऱ्या व्हिडिओत शरीराचे शब्द येतातच. आपल्या जिल्ह्यातल्या चकमकीची बातमीही संघर्षातच मोडते. म्हणजे ज्या गोष्टी आपल्या मुलींना नीट समजायला हव्यात, त्याच अडकण्याची शक्यता जास्त.

हे यंत्र चुकतं, हे कंपनीनेही मान्य केलं आहे. 2017 मध्ये अनेकांनी तक्रार केली की आमचे साधे, चांगले व्हिडिओ विनाकारण लपवले जातात. तेव्हा चूक सुधारून कंपनीने 1 कोटी 20 लाख व्हिडिओ चाळणीतून पुन्हा मोकळे केले. कंपनी असंही सांगते की भाषेप्रमाणे या चाळणीचं काम कमी-जास्त चांगलं होतं. म्हणून मराठी व्हिडिओ लपला तर तो वाईटच असेल असं समजू नका, आणि जो दिसतो तो चांगलाच असेल असंही नाही.

समजा, आठवीतल्या मुलीला पाळीवरचा एक व्हिडिओ शाळेत दिसत नाही. कारण असं शोधा. शाळेत गेल्यावर आपला मोबाईल शाळेच्या वायफायला जोडा आणि तोच व्हिडिओ लावा. दिसला नाही तर वायफाय बंद करा, आपला डेटा चालू करा, यूट्यूब पूर्ण बंद करून परत उघडा. आता दिसला, तर जाळी टाकीवर आहे. तरीही नाही दिसला, तर यूट्यूबच्या Settings मध्ये General उघडा आणि तिथे Restricted Mode चालू आहे का ते बघा. तेही बंद असेल तर व्हिडिओच काढून टाकलेला असू शकतो. आणखी खात्री हवी असेल तर शाळेच्या वायफायवर ब्राऊझरमध्ये हा पत्ता टाका:

```
youtube.com/check_content_restrictions
```

नेटवरून बंधन आहे की खात्यावरून, ते इथे लिहून येतं.

कमेंट नाही म्हणजे चाळणीच, असं मात्र धरू नका. लहान मुलांसाठी म्हणून टाकलेल्या व्हिडिओंवर 2020 पासून कमेंट सगळीकडेच बंद असतात, आणि काही जण आपल्या व्हिडिओवरच्या कमेंट स्वतःच बंद ठेवतात. चाळणीमुळे लपल्या असतील तर तिथे Restricted Mode हे शब्द दिसतात.

जाळी शाळेच्या नेटवर आहे असं कळलं की वर्गशिक्षकांशी भांडून उपयोग नाही, कारण त्यांच्या मोबाईलवरही तेच होतं. नेट कोण सांभाळतं ते मुख्याध्यापकांना विचारा. पहिली ते आठवीच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात निम्म्या महिला असायला हव्यात. त्या बैठकीत व्हिडिओचं नाव आणि लिंक लिहून द्या आणि कडकच्या जागी मध्यम चाळणी ठेवता येईल का ते विचारा. शाळेने मुलांना गूगलची शाळेची खाती दिली असतील, तर नेमलेले शिक्षक एकेक व्हिडिओ बघून त्याला मंजुरी देऊ शकतात. पण बंधन फक्त नेटच्या पत्त्यावर असेल, तर एकटा व्हिडिओ असा सोडवता येत नाही. मग ताई किंवा सर आधी स्वतः बघून, आपल्या मोबाईलचा डेटा वापरून तो वर्गात दाखवू शकतात.

चाळणी पूर्णच काढा, असं मी म्हणणार नाही. वसतिगृहात रात्री मुलांजवळ कोण बसून असतं? पण तिच्यावर विसंबूनही राहू नका. टाकीची जाळी टाकीच्याच पाण्याला. मुलगी घरी येऊन तुमच्या मोबाईलचा डेटा लावते तेव्हा शाळेची चाळणी तिथे नसते. तुमच्या मोबाईलवर ती वेगळी लावावी लागते, आणि तिला कुलूप नसतं. सेटिंग माहीत असलेलं पोरगं ती क्षणात काढतं. म्हणून घरी ती लावाच, पण मुलगी काय बघते ते तिच्याजवळ बसूनही बघा, आणि शाळेत कोणता व्हिडिओ दिसला नाही तेही तिला विचारा.