नोंदणी पाटी : अक्षर, कुलूप आणि नोंद

व्यापारी कुटुंबाच्या दारात सहसा एकच वाहन नसते. मुलांची स्कूटर, घरची मोटार आणि दुकानाचा माल वाहणारा टेम्पो अशी तीन वाहने तरी असतात. त्यांचा विमा आणि कर्जाचे हप्ते वेळच्या वेळी पाहिले जातात. पाटीकडे मात्र ती तुटली किंवा पोलिसांनी हटकले तरच लक्ष जाते. उच्च सुरक्षा नोंदणी पाटीचा, म्हणजेच एचएसआरपीचा नियम आल्यापासून हे दुर्लक्ष महाग पडू लागले आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ५० मध्ये २००१ साली दुरुस्ती होऊन ही पाटी कायद्यात आली. १ एप्रिल २०१९ पासून उत्पादित होणाऱ्या नव्या वाहनांना ती विक्रेत्यानेच बसवून द्यायची आहे. त्यापूर्वी नोंदलेल्या वाहनांसाठी महाराष्ट्राने प्रथम ३१ मार्च २०२५ ही मुदत दिली आणि पुढे ती एकापाठोपाठ वाढवली. मुदत वाढली तरी बंधन मात्र कायम राहिले.

पाटी दिसायला साधी असते. एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात निळ्या अशोकचक्राचा २० मिलिमीटरचा चौकोनी होलोग्राम उष्णतेने ठसवलेला असतो आणि खाली डावीकडे लेसरने कोरलेला क्रमांक असतो. हा लेसर क्रमांक गाडीच्या क्रमांकाहून वेगळा असून पुढच्या व मागच्या पाटीचाही निरनिराळा असतो. उठावदार काळ्या अक्षरांवर तिरक्या रेषेत ‘इंडिया’ हा शब्द पुन्हा पुन्हा उमटलेला दिसतो. पाटी स्क्रूने न बसवता एकदाच लागणाऱ्या कुलपाने बसवतात. हे कुलूप तोडल्याशिवाय पाटी निघत नाही आणि तुटलेले कुलूप पुन्हा लागत नाही. चारचाकीच्या पुढच्या काचेवर आतून लावायचा स्टिकर ही तिसरी पाटीच होय. गाडीचा क्रमांक, दोन्ही पाट्यांचे लेसर क्रमांक, इंजिन व चासी क्रमांक त्यावर असतात. डिझेल गाडीला तो नारिंगी, तर पेट्रोल व सीएनजी गाडीला फिकट निळा असतो. काढू गेल्यास तो फाटतो. म्हणून काच बदलली की स्टिकरही नवा घ्यावा लागतो.

या सर्वांचे मर्म नोंदीत आहे. पाटी बसवल्यावर दोन्ही लेसर क्रमांक ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत त्या गाडीच्या नावे चढतात. बँकेत धनादेशाची किंमत कागदावर नव्हे, तर खात्यातील नोंदीवर ठरते, तसेच हे आहे. रस्त्यालगतच्या दुकानात तंतोतंत तशीच दिसणारी पाटी करून मिळेल, पण तिची नोंद कोठेही नसते. अशी नक्कल ओळखणे कठीण नाही. होलोग्राम नखाने सुटतो, लेसर क्रमांक नसतो किंवा नुसता छापलेला असतो आणि पाटी साध्या स्क्रूवर बसलेली असते.

आता अक्षरांविषयी. दोन, एक आणि चार या अंकांना वळण देऊन ‘राम’, किंवा चार-एक-चार-एक यांतून ‘दादा’ साधण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. नियमानुसार पाटीवर अक्षरे रोमन व अंक आंतरराष्ट्रीय असावे लागतात. त्यामुळे मराठी अंकांची पाटीही ग्राह्य ठरत नाही. शोभिवंत वळणाला मनाई आहे. नाव, चित्र, पद वा दुकानाचे बोधचिन्ह पाटीवर चालत नाही. अक्षरांचे मापही ठरलेले आहे : मोटारीवर उंची ६५ मिलिमीटर, जाडी व दोन अक्षरांमधील अंतर प्रत्येकी १० मिलिमीटर. खरी पाटी बसवून तिच्यावर रंगीत आवरण चढवले वा स्टिकर चिकटवला, तरी क्रमांक झाकला जातो आणि तोही भंगच होतो.

दंडाची दोन कलमे लक्षात ठेवावीत. मोटार वाहन कायद्याचे कलम १७७ हे सर्वसाधारण भंगासाठी आहे. त्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढील वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. मात्र कलम ३९ नुसार नोंदणी क्रमांक विहित रीतीने लावल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. त्या कलमाचा भंग मानला गेला तर कलम १९२ लागते. मग पहिल्या वेळी किमान २,००० व कमाल ५,००० रुपये दंड असतो. पुन्हा घडल्यास ५,००० ते १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

एका कापड व्यापाऱ्याच्या घरचे उदाहरण घेऊ. स्कूटर २०१३ ची, डिझेल टेम्पो २०१६ चा आणि मोटार २०२१ ची आहे. मोटारीला पाटी विक्रेत्याकडूनच आलेली असणार. तिचे लेसर क्रमांक व काचेवरील स्टिकर जुळतात का, एवढेच पाहायचे. उरलेल्या दोन वाहनांचे दर महाराष्ट्रात दुचाकीसाठी ४५० आणि चारचाकीसाठी ७४५ रुपये असे ठरवण्यात आले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरता ५३१ आणि ८७९.१० रुपये होतात. एकूण खर्च १,४१०.१० रुपये, म्हणजे कलम १९२ च्या एका किमान दंडापेक्षाही कमी.

आरक्षण transport.maharashtra.gov.in या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करावे. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांवर पैसे गेल्याच्या तक्रारी झालेल्या आहेत. गाडीचा क्रमांक, चासी व इंजिन क्रमांकांचे शेवटचे पाच अंक आणि मोबाईल क्रमांक लागतो. जुन्या वाहनांची अडचण येथेच येते. नोंदणीत मोबाईल क्रमांक नसतो, किंवा टेम्पो अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असतो. म्हणून मोबाईल क्रमांकाची नोंद आधी करून घ्यावी आणि वारसाच्या नावे हस्तांतरणाचे कामही लांबवू नये. एचएसआरपी नसलेल्या जुन्या वाहनांचे मालकी हस्तांतर, कर्जबोजा चढवणे वा उतरवणे अशी कामे परिवहन कार्यालयांत अडवण्याचे धोरण राज्याने घेतले. टेम्पो विकायचा असो वा त्यावर नवे कर्ज काढायचे असो, व्यवहार तेथेच थांबतो.

पाटी हरवली तर तात्पुरती पाटी रंगवून घेऊ नये. प्रथम पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग अधिकृत पुरवठादाराकडेच बदली पाटी मागवावी. तेथे ती प्रत लागते. ही औपचारिकता नाही. चोरीस गेलेली पाटी दुसऱ्या गाडीवर लागली, तर तिचे ई-चलान आपल्या मोबाईलवर येते आणि अपघात झाल्यास पहिली चौकशी आपल्या दारात होते. अशा वेळी तक्रारीची तारीख हाच मुख्य पुरावा असतो. आपली गाडी जेथे गेलीच नाही तेथील चलान आले, तर पैसे भरून मोकळे होऊ नये. चलानावरील छायाचित्रात गाडीचा रंग, प्रकार आणि पाटीची ठेवण पाहावी. फरक दिसल्यास आपल्या गाडीचे छायाचित्र आणि त्या दिवशी ती कोठे होती याची पावती जोडून वाहतूक पोलिसांकडे हरकत नोंदवावी.

प्रत्येक वाहनाचे दोन्ही लेसर क्रमांक, पाटी बसवल्याची तारीख आणि पावती विम्याच्या फाईलमध्येच ठेवावी. पाटी चोरीस गेल्यावर पत्र्यावरचा लेसर क्रमांक पाहता येणार नाही. तो कागदावर असेल तर लगेच सांगता येईल.