चाळीस की पंचेचाळीस?

मालवणला समुद्राजवळ एक दुमजली घर बांधायचं आहे. बाहेरच्या कॉलममधल्या सळईवर किती मिलिमीटर काँक्रीट हवं, म्हणजेच ‘कव्हर’ किती ठेवायचं, हे डिझाइन इंजिनिअरला नकाशावर लिहायचं आहे. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकातल्या कॉलमच्या कलमात (२६.४.२.१) ४० हा आकडा लगेच सापडतो. पण या घरासाठी तो पुरत नाही.

तक्ता ३ नुसार किनारी हवेला उघडं असलेलं काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात मोडतं आणि तक्ता १६ त्या वर्गासाठी किमान ४५ मागतो. लाटांचे तुषार थेट अंगावर येत असतील तर वर्ग आणखी वरचा आणि आकडा ५०. दोन्ही कलमं बंधनकारक असल्याने मोठा आकडा पाळावा लागतो. म्हणून कार्यालयाची तपासणी-यादी करताना मानकात नुसता ‘शॅल’ हा शब्द शोधत जाणं अपुरं पडतं. ‘शॅल’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे मुभा, हे खरं. पण सक्तीचा आकडा तक्त्यात असतो आणि तो कधी लागू होतो ते दुसऱ्याच तक्त्यात. यादीच्या एकाच ओळीत कलम क्रमांक, लागू होण्याची अट, आकडा आणि तो कुठे तपासायचा, हे सगळं आलं पाहिजे. वर मानकाची आवृत्ती आणि कुठल्या दुरुस्तीपर्यंतचा मजकूर धरला आहे, तेही लिहावं.

व्याख्यांचं पान तर मी कधीच वगळू देणार नाही. कव्हर मोजायचं ते सगळ्यात बाहेरच्या पोलादापासून, म्हणजे कॉलमच्या रिंगपासून. कुणी ४५ मिलिमीटर मुख्य सळईपर्यंत मोजले आणि रिंग ८ मिलिमीटरची असली, तर रिंगवर उरतात ३७. म्हणून यादीत ‘कव्हर ४५’ एवढंच न लिहिता ‘रिंगच्या बाहेरच्या कडेपासून ४५’ लिहावं. प्रत्यक्ष कामात १० मिलिमीटर जास्त चालतं, कमी मात्र एकही नाही. त्यामुळे साइटवर ४४ मोजलं गेलं तर ते नापास.

सगळ्यात फसवी जागा तक्ता १६ खालच्या टिपेत आहे. काँक्रीट एम-३५ किंवा त्याहून वरच्या प्रतीचं असेल, तर तीव्र वर्गात कव्हर ५ मिलिमीटरने कमी करता येतं. ही मुभा आहे. तिला सक्तीच्या ओळींत मिसळू नये, पण गाळूही नये. कुणी ती वापरून नकाशावर ४० लिहिलं, तर यादीतल्या त्या ओळीसमोर ‘एम-३५ गृहीत’ अशी नोंद हवी. पुढे खर्च वाचवायला कंत्राटदाराने एम-३० सुचवलं, तर ती प्रत तीव्र वर्गाच्या किमान अटीत बसते आणि बदल सहज मंजूर होतो. त्या नोंदीमुळे मात्र कव्हर पुन्हा ४५ करायला हवं, हे काँक्रीट ओतण्याआधी लक्षात येतं.