'पासाल ४६' तसाच राहू द्या

समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची शाखा इंडोनेशियात आहे. तिथल्या वकिलाचं टिपण सांगवीतल्या अनुवादकाकडे येतं. विषय तिथला २०२२ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, क्रमांक २७. टिपणात लिहिलेलं असतं: 'पासाल ४६ आयात (१)'. पासाल म्हणजे कलम, आयात म्हणजे पोटकलम. हा अर्थ एकदा सांगावा, पण संदर्भ मूळ रूपातच ठेवावा. नाहीतर वाचणाऱ्याला मूळ कायद्यात ती जागा सापडत नाही.

खरी अडचण व्याख्येच्या शब्दांची. 'पंगंदाली डाटा प्रिबादी' म्हणजे डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणारा. आपल्या २०२३ च्या कायद्यात जवळचा शब्द 'डेटा फिड्युशियरी', म्हणून तो घालावासा वाटतो. घालू नये, कारण त्यासोबत आपल्या कायद्याची कर्तव्यंही वाचकाच्या मनात येतात. इंडोनेशियन मजकुरात असे शब्द मोठ्या अक्षरांनी सुरू होतात आणि त्यावरूनच ते व्याख्येतले आहेत हे कळतं. देवनागरीत ती सोय नाही. म्हणून अनुवाद करताना मी ते प्रत्येक वेळी ठळक करते आणि पहिल्यांदा आल्यावर 'पासाल १, आंका ४', म्हणजे कलम १ मधला क्रमांक ४, असा व्याख्येचा पत्ता देते.

डेटा फुटल्यास लेखी कळवण्याची मुदत कायद्यात '३ x २४ तास' अशी आहे. तिचं 'तीन दिवस' केलं, की शुक्रवारी संध्याकाळी डेटा फुटल्यावर कुणीतरी कामाचे दिवस धरून बुधवारपर्यंत मोजतं. मुदत सोमवारी संध्याकाळीच संपलेली असते. कायद्याचे शब्द असे जपायचे; टिपणातला वकिलाचा स्वतःचा खुलासा मात्र मी मोकळ्या मराठीत लिहिते.